जेट स्प्रेचा सांधा गळतो तेव्हा: वॉशर आणि पाइप स्वतः कसा बदलावा

सिंहगड रस्त्यावरच्या सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. गेल्या पावसाळ्यात शौचालयाची फरशी सतत ओली राहू लागली. अँगल कॉकच्या बरोबर खाली थेंब पडत होते, म्हणून मी अँगल कॉककडचा नट पुन्हा पुन्हा आवळत राहिलो, त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळली, आणि तरीही रात्री १० वाजता खाली ठेवलेला लिटरभराचा मग सकाळी ६ वाजता भरून वाहत होता. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला सुमारे चार लिटर पाणी जाते. माझी गळती साधारण तेवढीच होती. पुढे कळले की दोष त्या सांध्यात नव्हताच, आणि टेप तर तिथे लावायचीच नसते. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याला त्या आठवड्यात मी घेतलेले हेलपाटे टाळता यावेत, म्हणून सगळा क्रम इथे लिहीत आहे.

शब्दांविषयी एक खुलासा. दुकानात याला जेट स्प्रे किंवा हेल्थ फॉसेट म्हणतात. त्याचे तीन भाग असतात: हातात धरायचे हँडल (दुकानदार त्याला गनही म्हणतो), लवचीक पाइप, आणि भिंतीतून बाहेर आलेला अँगल कॉक. हँडलवर जे दाबल्यावर पाणी येते त्याला मी खटका म्हणेन.

१. पहिला थेंब कुठे उमटतो ते शोधा

ही पायरी वगळली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागी होण्याची शक्यता मोठी आहे. हँडल हुकात अडकवलेले असताना पाइप त्याच्या बुडातून खाली लोंबतो, मग वळसा घेऊन पुन्हा वर अँगल कॉककडे जातो. त्यामुळे हँडलच्या सांध्यातून निसटलेले पाणी पाइपवरून ओघळत वळशाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत जाते आणि तिथून टपकते. माझ्याकडे तो बिंदू नेमका अँगल कॉकच्या खाली येत होता, आणि मी टपकणाऱ्या जागेलाच गळणारी जागा समजून बसलो होतो.

आधी सगळे कोरडे करा. हँडल, दोन्ही नट, पूर्ण पाइप आणि अँगल कॉक जुन्या सुती कापडाने पुसून घ्या; पाइप स्टीलचा असेल तर त्याच्या वेटोळ्यांच्या फटींत पाणी अडकून राहते, तेव्हा तो जरा हलवून पुन्हा पुसा. मग टिश्यू पेपरचे चार तुकडे घ्या. एक हँडल आणि पाइप यांच्या सांध्याभोवती गुंडाळा, दुसरा त्या नटाच्या खाली साधारण दोन इंचांवर पाइपभोवती, तिसरा पाइप आणि अँगल कॉक यांच्या सांध्यावर, आणि चौथा अँगल कॉक भिंतीत शिरतो तिथे. अँगल कॉक पूर्ण उघडा, खटक्याला हात लावू नका, आणि दहा मिनिटे थांबा. जो तुकडा आधी भिजेल तिथे दोष आहे. एकाहून अधिक तुकडे भिजले तर सर्वांत वरच्या तुकड्यापासून सुरुवात करावी, कारण खालचे बहुधा वरच्या पाण्याने भिजलेले असतात.

काही गळत्या खटका दाबल्यावरच दिसतात. म्हणून शेवटी जाळीचे तोंड कमोडमध्ये धरून खटका पाच-सहा वेळा दाबा आणि सोडा, आणि सांध्यांकडे पाहत राहा. खटका सोडल्यानंतर जाळीतून येणारे चार-पाच थेंब ही गळती नव्हे. ते तोंडात उरलेले पाणी असते. दोन मिनिटांनंतरही थेंब येत राहिले, तर हँडलच्या आतला भाग खराब झाला आहे. त्याविषयी आठव्या पायरीत लिहिले आहे.

चौथा तुकडा, म्हणजे भिंतीजवळचा, आधी भिजला तर हे काम इथेच थांबवून प्लंबरला बोलवावे. तो सांधा भिंतीतल्या पाइपचा आहे, आणि नवख्याने तिथे पाना लावणे महागात पडू शकते.

२. हा सांधा पाणी कशाने अडवतो ते समजून घ्या

बहुतेकांचा समज असा असतो, आणि माझाही होता, की आटे जितके घट्ट तितका सांधा पक्का. भिंतीतल्या जोडणीत टेप लावलेले आटेच पाणी अडवतात, तेव्हा तिथे तो समज ठीक आहे. जेट स्प्रेच्या पाइपचे तसे नाही. पाइपच्या टोकाला असलेल्या नटाच्या आत एक चपटा रबरी वॉशर बसलेला असतो. नट फिरवला की हँडलच्या आटेदार तोंडाची गोल कड त्या वॉशरवर दाबली जाते, आणि पाणी त्या दाबलेल्या कडेवर अडते. आट्यांचे काम फक्त कड आणि वॉशर एकमेकांवर धरून ठेवण्याचे आहे.

वॉशर कडक झाला, त्यावर कडेचा खोल चर पडला, तो वाकडा बसला किंवा मुळातच पातळ असला, तर आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी पाणी वाट काढतेच. शिवाय जाड टेपेमुळे नट लवकर घट्ट वाटू लागतो, कड वॉशरपर्यंत नीट पोहोचत नाही आणि गळती वाढते. माझ्याकडे अँगल कॉकवर आधीच्या कोणीतरी टेप गुंडाळलेली होतीच. त्यावर मी आणखी चार वेढे चढवले होते. पुढे त्या सांध्याचा नवा पाइप बसवताना ती सगळी टेप खरवडून काढावी लागली.

वॉशर कडक का होतो, याची कारणे साधी आहेत. रबर कालांतराने लवचीकपणा गमावते, आणि अँगल कॉक दिवसरात्र उघडा असेल तर ते सतत दाबाखाली राहते. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येणाऱ्या इमारतीत दर १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब पडतो. एक मजला ३ मीटरचा धरला तर माझ्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे दीड बार दाब येतो, आणि तळमजल्यावर त्याहून अधिक. ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरावे लागते तिथे यात क्षारांची भर पडते: कडेवर पांढरी खरखरीत पुटे चढतात आणि नवा वॉशरसुद्धा त्यांच्यावर सपाट बसत नाही.

३. सामान जमवून ठेवा

वॉशर आणि गरज पडल्यास पाइप एवढेच विकत आणायचे आहे. वॉशर मागताना ‘जेट स्प्रेच्या पाइपचा अर्धा इंची रबरी वॉशर’ असे म्हणावे. जुना वॉशर काढता येत असेल तर तोच नमुना म्हणून न्या, कारण ‘अर्धा इंच’ हे आट्यांचे नाव आहे, वॉशरचे माप नव्हे. वॉशरचा बाहेरचा व्यास साधारण १८ मिलिमीटर असतो. जाडी २ ते ३ मिलिमीटर असावी. बोटांत धरून दुमडला तर तो सहज वाकला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच सरळ झाला पाहिजे. तांबड्या, पुठ्ठ्यासारख्या कडक फायबर वॉशरच्या वाटेला जाऊ नये; प्लास्टिकच्या कडेवर तो नीट दबत नाही.

जवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात हे मिळते. मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो, तेही केवळ दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला जायचे होते म्हणून. तिथल्या एका दुकानदाराला मी म्हणालो, “काका, टेप द्या, सांधा गळतोय.” त्यांनी विचारले, “जेटचा का? मग टेप कशाला, वॉशर घेऊन जा. आणि दोन नाही, चार घ्या, एक तरी संडासात पडेलच.” माझा एक खरोखरच पडला.

घरातून लागणाऱ्या वस्तू: एक लहान स्क्रू पाना, जुने सुती कापड, टूथपिक किंवा बोथट टोकाची सुई, टिश्यू पेपर, मोबाइलचा टॉर्च, एक बादली, जुना टूथब्रश आणि थोडे पांढरे व्हिनेगर. रबरी हातमोजे असतील तर घाला. मोठा पाइप पाना किंवा पकड या कामाला नको. हँडल बहुधा प्लास्टिकचे असते, आणि त्यावरची चकाकी पाहून ते धातूचे आहे असे वाटत असले तरी ते पकडीत सहज चिरते.

४. पाणी बंद करा आणि आतला दाब सोडा

अँगल कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा. मग हँडल कमोडमध्ये धरून खटका दाबा. आधी एक फवारा येईल, तो ओसरेल आणि थांबेल. फवारा बारीक होऊनही धार चालूच राहिली तर अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही असा अर्थ आहे, आणि त्या स्थितीत नट उघडू नये. शौचालयाचा मुख्य कॉक, तो नसेल तर डक्टमधला किंवा गच्चीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. कोणता व्हॉल्व्ह कोणाचा ते सोसायटीच्या वॉचमनला किंवा देखभाल पाहणाऱ्याला विचारून घ्या, नाहीतर सकाळी आठ वाजता वरच्या चार घरांचे पाणी आपण बंद करून बसतो.

वर्षानुवर्षे न फिरवलेला अँगल कॉक घट्ट झालेला असतो. त्याच्यावर जोर करू नका. थोडा बंद, थोडा उघडा असे हळूहळू पुढेमागे करत तो मोकळा होऊ द्यावा. तरीही हलत नसेल तर वरचा व्हॉल्व्ह वापरावा.

फरशीच्या जाळीवर कापड पसरा आणि कमोडचे झाकण बंद करा. वॉशर आणि छोटे भाग नेमके तिकडेच घरंगळतात.

५. हँडलकडचा वॉशर बदला

एका हाताने हँडल धरा, दुसऱ्या हाताने त्याखालचा पाइपचा नट कापडात गुंडाळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नट खालून पाहत फिरवत असाल तर दिशेचा घोळ होतो. अशा वेळी हँडल उलटे करून नट आपल्या तोंडासमोर आणावा आणि मग दिशा ठरवावी. नट हाताने निघत नसेल तर क्षारांनी धरून ठेवले आहे असे समजा. कापड व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवा, पाण्याने धुवा, आणि पुन्हा प्रयत्न करा. कमोड साफ करायचे ॲसिड इथे अजिबात वापरू नये. ते क्रोमचा मुलामा खाते.

नट निघाल्यावर त्याच्या आत टॉर्च मारून पाहा. वॉशर कधी नटातच चिकटलेला असतो, कधी हँडलच्या कडेला चिकटून बाहेर येतो. टूथपिकने तो कडेकडेने उचला. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुना वॉशर आतच राहणे. काळा वॉशर काळ्या नटात दिसतच नाही. त्यावर आपण नवा ठेवतो, दोन वॉशर एकमेकांवर सरकतात आणि सांधा पूर्वीपेक्षा जास्त गळतो. जुना तुकड्यांत निघत असेल तर सगळे तुकडे कापडावर जुळवून त्यांचे पूर्ण वर्तुळ होते का ते पाहा.

माझा जुना वॉशर चार वर्षांचा होता. दाबला तर बटणासारखा कडक लागत होता, आणि त्यावर कडेचा चर इतका खोल गेला होता की एका बाजूला तो कागदाएवढाच उरला होता.

आता हँडलची कड तपासा. टूथब्रशने घासून पुटे काढा, मग अंगठ्याचे नख कडेवरून पूर्ण गोल फिरवा. नख कुठे अडकले तर तिथे टवका उडाला आहे किंवा बारीक तडा आहे. तडा आट्यांपर्यंत खाली उतरलेला असेल तर नवा वॉशर काही दिवसांचाच सोबती ठरेल; हँडल बदलावे लागेल. नटाच्या आतली वॉशर बसण्याची जागाही अशीच स्वच्छ करून घ्या.

नवा वॉशर नटात ठेवून बोटाने सगळीकडून दाबा, म्हणजे तो सपाट बसेल. काही वॉशरना बारीक जाळी जोडलेली असते. ती चालते, मात्र जड पाण्यात जाळी तुंबून फवारा मंद होतो. वॉशरचे भोक फार लहान असेल तर तीच तक्रार येते.

हँडलचे आटे नटात सरळ रेषेत धरून, आधी फक्त दोन बोटांनी फिरवा. पहिले दोन-तीन फेरे अलगद गेले पाहिजेत. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर आटे तिरके चढत आहेत. लगेच उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करा, कारण प्लास्टिकचे आटे एकदा कापले गेले की हँडल निकामी होते. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, आणि त्यानंतर कापडात धरून फक्त पाव फेरा. त्यापुढे आवळल्याने वॉशर आतल्या बाजूला पिळून निघतो, किंवा नट चिरतो.

नट पूर्ण शेवटापर्यंत गेला, पुढे फिरतच नाही, आणि तरी सांधा पाझरतो, असेही घडते. अशा वेळी वॉशर पातळ आहे: आटे संपतात तरी कड वॉशरवर पुरेशी दाबली जात नाही. दोन पातळ वॉशर घालण्यापेक्षा ३ मिलिमीटर जाडीचा एक घालावा.

६. तपासणी दोनदा करा

अँगल कॉक हळूहळू उघडा. झटक्यात उघडल्यास पाण्याचा धक्का नव्याने बसवलेल्या वॉशरला बसतो. सांधा पुसून नवा कोरडा टिश्यू गुंडाळा आणि दहा मिनिटांनी पाहा. मग खटका पाच-सहा वेळा दाबून पुन्हा पाहा. दुसरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी करावी; तोवर वॉशर दबून बसलेला असतो, आणि थोडासा ओलावा दिसला तर आणखी आठवा हिस्सा फेरा पुरतो.

माझ्याकडे पहिल्या दिवशी हँडलचा सांधा कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्यावरचा टिश्यू कोरडाच होता, पण दोन इंच खाली पाइपभोवती बांधलेला मात्र चिंब भिजला होता.

७. पाइपच गळत असेल तर तो बदला

स्टीलचा पाइप म्हणजे खरे तर रबराची किंवा प्लास्टिकची नळी असते. बाहेरचे स्टीलचे वेटोळे तिला दाबाखाली फुगण्यापासून आणि घासण्यापासून वाचवते. पाणी धरते ती आतली नळीच. ती नटाजवळ सर्वांत आधी फाटते, कारण हँडल उचलताना प्रत्येक वेळी पाइप तिथेच वाकतो. फाटल्यावर पाणी वेटोळ्याच्या आतून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी बाहेर पडते, त्यामुळे जागा सापडत नाही.

एक गोष्ट इथे गोंधळात टाकते. नट पाइपच्या टोकावर सैल फिरणारा असतो, त्यामुळे वॉशर खराब असला तरी पाणी नटाच्या मागच्या फटीतून, म्हणजे पाइपच्या बाजूने, येऊ शकते. तेवढ्यावरून पाइपला दोष देऊ नये. आधी वॉशर बदलावा. त्यानंतरही मागून पाणी येत असेल तर पाणी चालू ठेवून नटाजवळ पाइप हळूच डावी-उजवीकडे वाकवून पाहा. वाकवताना थेंबांचा वेग बदलला तर आतली नळी किंवा तिची टोकाची पकड गेली आहे. माझ्याकडे उजवीकडे वाकवल्यावर थेंबांची बारीक धारच लागली, आणि नीट पाहिल्यावर नटापासून बोटभर अंतरावर वेटोळ्यांत फट पडलेली दिसली. अशा पाइपला टेप, एम-सील किंवा क्लिप लावून काही उपयोग होत नाही. तो टाकून द्यावा.

नवा पाइप घेताना जुन्याची लांबी मोजून जा. बाजारात १ मीटरचा पाइप सर्रास मिळतो, आणि अँगल कॉक कमोडच्या बाजूलाच असेल तर तो पुरतो. कॉक मागच्या भिंतीवर दूर असेल तर सव्वा किंवा दीड मीटरचा घ्यावा. पाइप ताणून बसवला तर नटाजवळचा बाक तीव्र होतो आणि तो तिथेच पुन्हा फाटतो. दुकानातच दोन्ही नटांमध्ये डोकावून वॉशर आहेत का ते पाहा. पाकिटात एकच वॉशर निघाल्याचा अनुभव मी घेतला आहे. दोन्ही टोके अर्धा इंची असावीत आणि हँडलकडचा नट पाइपवर मोकळा फिरावा, म्हणजे पाइपला पीळ पडत नाही. मी स्टीलचा पाइप २२० रुपयांना घेतला.

जुना पाइप काढताना पाणी पुन्हा चौथ्या पायरीप्रमाणे बंद करा, खाली बादली ठेवा, कारण पाइपमध्ये उरलेले पाणी सांडतेच. आधी हँडल सोडवा, मग अँगल कॉककडचा नट. या नटाला पाना लागू शकतो, आणि या पायरीतला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. पाना फिरवताना दुसऱ्या हाताने अँगल कॉकचे शरीर घट्ट धरून ठेवा. ते धरले नाही तर नटाबरोबर अँगल कॉकच भिंतीत फिरतो, तिथली टेप सुटते, आणि भिंतीच्या आत गळती सुरू होते. ती आपल्याला दिसत नाही. काही आठवड्यांनी खालच्या घराच्या छतावर ओलाव्याचा डाग उमटतो तेव्हा कळते. अँगल कॉक जरासा जरी फिरला असे वाटले, तरी पाणी सुरू केल्यावर भिंतीजवळ टिश्यू लावून दोन दिवस लक्ष ठेवा.

अँगल कॉकच्या आट्यांवर जुनी टेप असेल तर टूथब्रशने आणि टूथपिकने काढून टाका. वॉशर बसवून नट दोन बोटांनी चढवा, हाताने घट्ट करा, आणि पितळी नट असेल तर पान्याने अलगद पाव फेरा द्या. प्लास्टिकचा असेल तर हातानेच. पाइप मोकळा लोंबू द्या, त्याला पीळ नाही याची खात्री करा, आणि मगच वरचे टोक हँडलला पाचव्या पायरीप्रमाणे जोडा. दोन्ही टोकांचे आटे सारखेच असले तरी पाइपचे एक टोक गोल, निमुळत्या नटाचे असेल तर ते हँडलकडे ठेवावे आणि षटकोनी नट अँगल कॉककडे, जिथे पाना चालतो.

मला पाइपसह सगळे काम पाऊण तासात उरकले, त्यातली वीस मिनिटे जुनी टेप काढण्यात गेली.

८. हँडलच गळत असेल तर

जाळीतून थेंब थांबत नसतील तर खटक्यामागचा छोटा रबरी भाग किंवा स्प्रिंग दमली आहे, किंवा त्यांत क्षार अडकले आहेत. हँडल काढून त्याचे तोंड अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा, मधूनमधून खटका दाबा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. क्षार हेच कारण असेल तर एवढ्याने थांबते. बहुतेक प्लास्टिकचे हँडल उघडण्यासाठी बनवलेले नसते. जबरदस्तीने उघडल्यास आतली स्प्रिंग उडते आणि पुन्हा बसत नाही. अशा वेळी फक्त नवे हँडल घ्यावे, पाइप चांगला असेल तर तो बदलण्याची गरज नाही. दुकानदार पूर्ण संच देऊ पाहतो, तेव्हा सुटे हँडल मागून घ्यावे.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकांना आधी फोन करून सांगावे आणि बिल ठेवावे. आमच्या घरमालक काकूंनी पुढच्या महिन्याच्या भाड्यातून पाइपचे पैसे वळते करून घ्यायला सांगितले. जुने हँडल चालते असेल तर तेही टाकू नका, घर सोडताना त्याचीच चौकशी होते.

९. वापराची पद्धत

नवा वॉशर आणि पाइप वर्षानुवर्षे टिकायला हवा असेल तर वापर झाल्यावर अँगल कॉक बंद करावा आणि मग खटका एकदा दाबून आतला दाब सोडावा. एवढ्याने पाइपची आतली नळी आणि दोन्ही वॉशर दिवसाचे काही मिनिटेच दाबाखाली राहतात. हे रोज जमत नसेल, आणि घरात पाच माणसे असतील तर ते जमणार नाहीच, तरी रात्री झोपताना आणि गावाला जाताना कॉक बंद करावा. गणपतीत किंवा दिवाळीत चार दिवस घर बंद असताना पाइप फुटला तर पाणी जाळीतून सगळे निघून जाईल याचा भरवसा नसतो. शौचालयाचा उंबरठा बुटका असेल तर ते हॉलपर्यंत येते. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर असे झाले होते, आणि पाणी कुठून येते हे तिसऱ्या मजल्यावरच्यांना आधी कळले.